मागच्या रांगेतून

आज वाचनालयातल्या कवितावाचनाला एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. कविता मोबाइलवर. दुसऱ्या कडव्यातच स्क्रीन विझली आणि ती अडखळली. कुणी हसलं नाही. सूत्रसंचालन करणारे काका एवढंच म्हणाले, “पहिल्यापासून वाच गं, घाई नाहीये.” या वेळी ती ओळ संपली की थांबत होती, आणि तीच कविता केवढी वेगळी ऐकू आली! (घाबरलं की आपण ओळी एकमेकींवर चढवतो. मीही चढवायचो.)

पुढच्या वेळी तुम्हीही या. कविता कागदावर मोठ्या अक्षरात उतरवा, घरी एकदा मोठ्याने वाचा, जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा. नुसतं ऐकायचं असेल तर मागची रांग आहेच. मी सहा महिने तिथेच बसलो होतो.