मॅट फिल्म क्रमांक तीन: अक्षरं परत आली

काल रात्री लॅपटॉपच्या स्क्रीनवर चमक घालवणारी तिसरी मॅट फिल्म बसवली आणि आज सकाळी दहा पॉइंटचा मराठी मजकूर डोळे न ताणता वाचला. अनुस्वार आणि रफार पुन्हा वेगवेगळे दिसतात. दुसऱ्या फिल्मवर ते एकमेकांत मिसळून जात होते.

ज्यांनी मागचं वाचलंय त्यांना आठवत असेल, दुसऱ्या फिल्मने प्रतिबिंब अगदी पुसून टाकलं होतं. अमळनेरच्या आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तीननंतर उन्हाचा जो झोत येतो, त्याचा स्क्रीनवर मागमूस राहिला नव्हता. पण पांढऱ्या पानावर साखर सांडल्यासारखे रंगीत कण चमकायचे आणि मान हलवली की तेही हलायचे. हाच तो स्पार्कल. पंधरा दिवस मी पॅनेललाच दोष देत होतो.

उलगडा एका तुकड्याने केला. त्याच फिल्मची उरलेली पट्टी जुन्या चकचकीत 24 इंची फुल एचडी मॉनिटरच्या कोपऱ्यात चिकटवली, तर कण जवळजवळ नाहीत! फिल्म तीच, मग फरक पिक्सेलचा. मॉनिटरचा एक पिक्सेल साधारण 0.28 मिमी रुंद आहे, माझ्या 13.3 इंची, 2560×1600 लॅपटॉपचा 0.11 मिमी. त्यातही लाल, हिरवा, निळा असे तीन उभे भाग, म्हणजे प्रत्येकी 0.04 मिमीच्या आतबाहेर. फिल्मच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक उंचवटा छोट्या भिंगासारखं काम करतो. उंचवटे या भागांच्या मापाच्या जवळपास असले, की एखादं भिंग हिरवा उचलून दाखवतं, शेजारचं लाल. पिक्सेल मोठा असेल तर एकावर बरेच उंचवटे येतात आणि सरासरी होऊन जाते. म्हणून दाट पिक्सेलच्या स्क्रीनला बारीक दाण्याचीच फिल्म हवी.

धूसरपणाचं कारण मात्र वेगळं आहे. वर्तमानपत्रावर बटर पेपर टेकवा, मजकूर वाचता येतो. तोच पेपर बोटभर वर उचला, अक्षरं गायब. प्रकाश विखुरणारा थर चित्रापासून जितका लांब, तितकी कड पसरते. माझ्या लॅपटॉपवर पॅनेलच्या पुढे आणखी एक काच आहे, ते अंतर मला कमी करता येत नाही. मग फिल्म कमी विखुरणारी, म्हणजे कमी हेझची घेणं एवढंच हातात उरतं.

हे लिहिता लिहिताच एक बेत रद्द करतोय. मॉनिटरसाठी पुढे लटकवायचं मॅट अ‍ॅक्रिलिक पॅनेल मागवणार होतो. ते स्क्रीनपासून सुटं राहणार, म्हणजे उचललेला बटर पेपरच. नको.

खरेदीबद्दल माझं मत पक्कं झालंय: तुकडा लावून पाहिल्याशिवाय फिल्म घेऊ नये. ऑनलाइन मागवलेल्या दोन्हींवर हेझचा आकडाच नव्हता. जळगावला गोलाणी मार्केटमधल्या एका दुकानदाराने तीन प्रकारच्या कातरणी काढून दिल्या. त्या कोपऱ्यात ओळीने लावल्या, पांढरं पान उघडलं आणि हाताच्या अंतरावरून पाहिलं. दोन मिनिटांत निवड झाली.

बसवताना इथला कोरडा उन्हाळा आडवा येतो. फिल्मच्या मागचा लायनर सोलला की स्थिर वीज तयार होते आणि फिल्म हवेतली धूळ ओढून घेते. रात्री दहानंतर कूलर बंद केला, मोरीत गरम पाणी सोडलं, वाफ पूर्ण खाली बसू दिली आणि मगच बंद केलेला लॅपटॉप आत नेला. आई बाहेरून विचारत होती, “पंखा बंद करीसन काय बठना रे?” स्क्रीन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून फिल्म कोरडीच जागेवर बसवली, वरच्या कडेला टेपची बिजागरी केली, लायनर चार बोटं सोलायचा आणि कापड गुंडाळलेल्या कार्डाने खाली दाबत जायचं. शेवटी तीन फुगे राहिले. दोन सकाळपर्यंत जिरले. तिसरा दाबला की परत वर येत होता आणि मध्ये टोचणारा ठिपका दिसत होता, म्हणजे धूळ. कड उचलली, टेपने कण टिपला, पुन्हा दाबलं. साफ!

मग विंडोजमध्ये `cttune` चालवून क्लिअरटाइपमध्ये थोडा जाड नमुना निवडला. काळ्या अक्षरांना त्याने उठाव आला.

किंमत मोजावी लागली आहेच. खिडकीची चौकट आता फिकट का होईना, ओळखू येते, आणि दिवसा काळा रंग किंचित राखाडी दिसतो, कारण खोलीतला उजेडही फिल्म विखुरते. थेट ऊन पडलं तर ही फिल्मही हरते. म्हणून रविवारी टेबल नव्वद अंशांत फिरवून खिडकी बाजूला घेतो. मॉनिटरवर क्रमांक दोनचीच, जाड दाण्याची फिल्म लावणार आहे, तिथे ती शोभतेय.