डोस बरोबर होता

पाच महिन्यांची ती मुलगी रडत होती आणि तिचे ठोके मिनिटाला ८४ भरत होते. हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असलेल्या आणि जुलाबाने सुकलेल्या बाळाचे ठोके त्या वेळी १६० च्या घरात असायला हवेत. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून मी पूर्ण मिनिटभर मोजले, पुन्हा मोजले, आणि मग आईला विचारले की घरी कोणती औषधे चालू आहेत. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एक फ्युरोसेमाइडची, लघवी होऊन फुप्फुसांवरचा भार कमी व्हावा म्हणून, आणि दुसरी डिगॉक्सिनची, थकलेल्या हृदयाच्या ठोक्याला जोर यावा म्हणून.

वैनगंगेकाठच्या आमच्या तालुक्यात रोवणीच्या दिवसांत जुलाबाची लेकरे एकामागून एक येतात आणि ओआरएस, झिंक व थोड्या देखरेखीवर बहुतेक बरी होऊन जातात. ही मुलगीही रात्रपाळीच्या नोंदीत 'जुलाब, मध्यम शोष' अशीच दाखल झाली होती. आईची तक्रार मात्र जुलाबाची नव्हती. "दोन दिवसांपासून दूध ओढतच नाही जी, तोंड फिरवते. अशी गळून गेली," एवढेच ती म्हणत होती. दूध न ओढणे हे छिद्र असलेल्या बाळात हृदय थकल्याचे लक्षण असते आणि डिगॉक्सिन अंगावर चढल्याचेही असते, म्हणून त्यावरून एकटा निष्कर्ष काढता येत नाही. मोठा माणूस मळमळते म्हणून सांगतो, दिव्याभोवती पिवळे वलय दिसते म्हणून सांगतो. बाळ यातले काहीच सांगत नाही. बाळात उलट्या, मलूलपणा आणि दुधाची नावड दिसते, आणि पुष्कळदा त्यांच्याही आधी ठोक्यांची गती किंवा लय बिघडते. थकलेले हृदय वेगाने धावते, डिगॉक्सिनने दबलेले मंदावते, आणि त्या सकाळी ८४ हा आकडाच सगळ्यात बोलका होता.

ईसीजीत दोन गोष्टी दिसल्या. एसटी रेषा मधोमध खाली झुकली होती. आमच्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने तिच्यावर बोट ठेवले, पण ती खूण केवळ औषध चालू असल्याची असते, विषबाधेची नव्हे. खरी गोष्ट पीआर अंतरात होती. ते ०.२० सेकंद होते, आणि या वयात ते सहसा ०.१५ च्या पुढे जात नाही. काही ठिकाणी ते प्रत्येक ठोक्यागणिक आणखी लांबत जाऊन एक ठोका पूर्ण गळत होता. वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारा संदेश अडखळत होता.

त्याच अधिकाऱ्याने कार्डावरचा डोस पाहून लगेच हिशेब मांडला. मुलीचे मागच्या भेटीतले वजन ४.८ किलो होते. डोस लिहिला होता ०.५ मिली, दिवसातून दोनदा. बालकांच्या द्रावणात एका मिलीत ५० मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे दिवसाला ५० मायक्रोग्रॅम, किलोमागे १० च्या किंचित वर. "मॅडम, साठ किलोच्या माणसाला आपण पाव मिलिग्रॅमची एक गोळी देतो, ते किलोमागे चारच होतात. हिला अडीचपट चाललंय. लिहिणाराच चुकला." त्याचा हिशेब अचूक होता आणि निष्कर्ष चुकीचा. या चुकीबद्दल मला त्याच्यापेक्षा त्याच्या शिक्षणाचा राग येतो, कारण डोसाचे तक्ते पाठ करून घेतले जातात आणि ते तसे का आहेत हे सांगायला कोणी थांबत नाही. एक महिना ते दोन वर्षे या वयात तोंडाने द्यायचा रोजचा डोस किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम हाच आहे. हिला तर त्यातला सर्वांत कमी दिला होता.

याची कारणे दोन आहेत, आणि ती वेगवेगळी ठेवली तरच ही केस उलगडते. पहिले कारण असे की डिगॉक्सिन रक्तात फारसे राहतच नाही, ते स्नायूंत आणि हृदयाच्या मांसात जाऊन बसते. लहान बाळाच्या ऊती ते मोठ्यांच्या तुलनेत किलोमागे कितीतरी अधिक सामावून घेतात, म्हणून रक्तातली तीच पातळी गाठायला किलोमागे जास्त औषध लागते. सुरुवातीला शरीर भरण्यासाठी जो एकूण डोस आधी अर्धा आणि मग पाव-पाव असा विभागून देतात, तो या कारणाने मोठा असतो. या वयात तोंडाने तो किलोमागे ३५ ते ६० मायक्रोग्रॅम असतो. दुसरे कारण मूत्रपिंडाचे. पहिला महिना उलटल्यावर बाळाचे मूत्रपिंड हे औषध किलोमागे मोठ्या माणसापेक्षा वेगाने बाहेर टाकते, नुसते गाळून नव्हे, तर नलिकांतून ढकलूनही. रोज जेवढे बाहेर जाते तेवढेच रोज भरायचे असल्यामुळे रोजचा डोस या दुसऱ्या कारणाने ठरतो. म्हणूनच 'बाळ जितके लहान तितका किलोमागे डोस मोठा' असा सरळ नियम होत नाही. अपुऱ्या दिवसांच्या आणि नुकत्या जन्मलेल्या बाळाचे मूत्रपिंड कच्चे असते, त्यामुळे त्यांचा डोस महिन्यावरच्या बाळापेक्षा कमी असतो, आणि दोन वर्षांनंतर तो पुन्हा उतरत मोठ्यांच्या डोसाकडे जातो.

तरीही डोस देताना दशांशाची गफलत झाली नसेल याची खात्री करणे भाग होते, कारण ०.५ मिलीच्या जागी ५ मिली जाणे ही डिगॉक्सिनची नेहमीची आणि सर्वांत जीवघेणी चूक आहे. मी आईला साध्या पाण्याचा डोस भरून दाखवायला सांगितले. तिने एक मिलीची सिरिंज घेतली, बुडबुडा वर आणून टिचकीने घालवला आणि दट्ट्याची काळी कड नेमकी अर्ध्यावरच्या रेघेला लावली. आमच्या वॉर्डात सगळेच इतक्या नेमकेपणाने भरत नाहीत. बाटली तीन आठवड्यांपूर्वी उघडलेली होती आणि तीतून एकवीस-बावीस मिलीच कमी झाले होते. एकच गोष्ट निघाली. "उलटी झाली का पुन्हा देत होती जी. एकही डोस चुकवू नका म्हणून सांगतलं होतं." असे दोनदा झाले होते. ओकून गेलेला डिगॉक्सिनचा डोस पुन्हा द्यायचा नसतो, पण हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. तरी ते दोन जादा डोस मिळून ५० मायक्रोग्रॅमच होतात, किलोमागे १० च्या किंचित वर, आणि त्यातलाही काही भाग उलटीत गेलेला असणार. सुरुवातीचा भरणा किलोमागे ३५ च्या पुढे असतो हे लक्षात घेतले, तर तेवढ्याने संदेश अडखळू नये.

उत्तर रात्रीच्या रक्त तपासणीत होते आणि ते कोणाच्या नजरेत आले नव्हते. मूत्रपिंड मंदावले की रक्तात साचणारे क्रिएटिनिन ०.९ होते. छापील अहवालात शेजारी सामान्य मर्यादा ०.६ ते १.२ दिलेली, त्यामुळे आकड्यापुढे ना तारा होता ना ठळक अक्षरे. ती मर्यादा मोठ्यांची आहे. पाच महिन्यांच्या बाळात क्रिएटिनिन साधारण ०.२ ते ०.४ असते, म्हणजे हिचे मूत्रपिंड निम्म्याहूनही कमी काम करत होते. बाळांच्या अहवालावर मोठ्यांची मर्यादा छापण्याबद्दल मी लेखी तक्रार केली आहे आणि ती मान्य होईपर्यंत करत राहणार आहे. पोटॅशियम २.९ होते, आधीच फ्युरोसेमाइडने घटलेले आणि जुलाबाने आणखी उतरलेले. पेशीच्या ज्या पंपाला डिगॉक्सिन अडवते, तिथे पोटॅशियम त्याला स्पर्धा करते, म्हणून पोटॅशियम कमी झाले की तेवढ्याच पातळीचे औषध अधिक घट्ट पकड घेते.

म्हणजे लिहिणारा चुकला नव्हता आणि आईचाही हात चुकला नव्हता. किलोमागे दहा हा डोस ज्या मूत्रपिंडाच्या भरवशावर लिहिला होता, ते मूत्रपिंड दोन दिवस पाण्यावाचून मंदावले आणि बाहेर जाण्याची वाट अरुंद झाली, आत येणे मात्र तसेच चालू राहिले.

डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड दोन्ही थांबवले. रक्ताचा नमुना शेवटच्या डोसानंतर नऊ तास उलटले आहेत हे पाहूनच घेतला, कारण सहा तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यात औषध अजून स्नायूंत उतरत असते आणि पातळी फसवी वाढलेली दिसते. तो नागपूरला पाठवला. या औषधावरचे प्रतिपिंडांचे इंजेक्शन आमच्याकडे नाही, आणि जे औषध रक्तात राहतच नाही ते डायलिसिसने काढता येत नाही. पाणी भरताना हात आवरता ठेवावा लागला, कारण शोष भरून काढताना तेच पाणी फुप्फुसांत साचले असते. लघवी झाल्यावरच सलाइनमध्ये पोटॅशियम घातले, तेही सावकाश, कारण संदेश अडखळत असताना पोटॅशियम घाईने चढवले तर तोच अडथळा वाढू शकतो. ठोके वाढवणारे अ‍ॅट्रोपिन भरून उशाशी ठेवले होते. मध्यरात्री ठोके ७० च्या खाली आले तेव्हा ते एकदा द्यावे लागले, आणि सिस्टरांनी मॉनिटरवर न विसंबता पहाटेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी स्टेथोस्कोपने ठोके मोजले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गळणारे ठोके थांबले. तिसऱ्या दिवशी ती दूध ओढू लागली, आणि त्याच दुपारी पातळीचा अहवाल आला. मिलिलिटरला ३.४ नॅनोग्रॅम होते. दोनच्या वरची पातळी आम्ही धोक्याची मानतो.

पुढचा डोस किती, यावर मतभेद झाले. वैद्यकीय अधिकाऱ्याला तो मोठ्यांच्या प्रमाणात, किलोमागे चारवर आणायचा होता. तसे केले असते तर बरे झालेल्या मूत्रपिंडाने तो जवळजवळ सगळा बाहेर टाकला असता आणि औषध नावापुरतेच उरले असते. नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञांचे म्हणणे होते की मूत्रपिंड पूर्ववत झाले की डोसही पूर्ववत करावा. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होते. क्रिएटिनिन ०.३ वर आल्यावर मी ०.४ मिली दोनदा सुरू केला, तेव्हाच्या ४.६ किलो वजनाला किलोमागे साधारण पावणेनऊ, आणि आठवड्याने पातळी पुन्हा पाहायचे ठरवले. शस्त्रक्रियेची तारीख दिवाळीनंतरची आहे आणि तोवर अख्खा पावसाळा या मुलीला काढायचा आहे, एवढेच त्या कमी डोसामागचे कारण आहे. ते पुरेसे आहे की मी केवळ भीतीने हात आखडला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

कार्डावर 'एकही डोस चुकवू नये' या ओळीखाली मी लिहिले की उलटी झाल्यास डोस पुन्हा देऊ नये, आणि जुलाब लागल्यास किंवा दूध निम्म्यावर आल्यास दोन्ही औषधे थांबवून त्याच दिवशी बाळाला घेऊन यावे. आशाताईंना छातीवर हात ठेवून घड्याळावर पूर्ण मिनिट ठोके मोजायला शिकवले आणि १०० च्या खाली आले तर डोस न देता फोन करायला सांगितले. वरची ओळ खोडावी की राहू द्यावी, यावर आमची तज्ज्ञांशी अजून चर्चा चालू आहे.