सतरा हर्ट्झ

मी ध्वनिमुद्रण करतो. तिलारी खोऱ्यात रात्री हत्तींचे आवाज टिपायचं काम मिळालं तेव्हा वाटलं, माइक लावायचा, रेकॉर्डर चालू करायचा आणि झोपायचं. पहिली रात्र पूर्ण वाया गेली, आणि ती माझ्याच सवयीमुळे. आम्हा साउंडवाल्यांचा हात मशीन उघडल्याबरोबर लो-कटच्या बटणाकडे जातो. ऐंशी हर्ट्झच्या खालचा गोंगाट कापून टाकायचा, वारा-ट्रॅफिकची कटकट संपली. हत्तीच्या गुरगुराटाचा मूळ सूर मात्र साधारण 14 ते 24 हर्ट्झमध्ये असतो आणि माणसाच्या कानाला विसाच्या खालचं ऐकू येत नाही. म्हणजे जे पकडायला आलो, तेच मी कापून टाकलं होतं.

दुसऱ्या रात्री लो-कट बंद ठेवला आणि थेट पाच हर्ट्झपर्यंत उतरणारा मेजरमेंट माइक लावला. शेताच्या बांधाजवळ जमिनीत हातभर खड्डा करून जिओफोन, म्हणजे मातीतला कंप टिपणारं यंत्र, पुरलं आणि दोन्ही एकाच रेकॉर्डरच्या दोन चॅनलवर जोडले, म्हणजे वेळेत फरक पडायला नको. मातीत कंप किती वेगानं जातो हे आधी मोजलं. लोखंडी पाटीवर घण मारला, पन्नास मीटरवरच्या जिओफोनला तो 0.2 सेकंदांनी कळला. म्हणजे सेकंदाला 250 मीटर. हवेत आवाज साधारण 340 मीटर जातो. हत्ती जितका लांब, तितका हवेतला आवाज पुढे आणि जमिनीतला मागे. हा फरकच माझी मोजपट्टी.

मचाणावर राखणीला गावचे एक काका होते. पहाटे खाली उतरून म्हणाले, "आवाज नाय, पण हंय धडधडला." हात छातीवर. मला हसू आलं. झोप, बिडी आणि भीती, दुसरं काय? पोर्टलँडच्या प्राणिसंग्रहालयात 1984 साली संशोधक केटी पेन यांना हत्तींजवळ हवेत अशीच धडधड जाणवली होती आणि त्यातूनच या आवाजाचा शोध लागला, हे मला ठाऊक होतं. तरी हसलो.

फाइल उघडली, कुठल्या क्षणी कुठला सूर वाजला याचा आलेख समोर आला. वाऱ्याचा डाग खाली पसरट असतो, त्याला रेघा नसतात. ट्रकच्या इंजिनाच्या रेघा सरळसोट, मिनिटभर चालतात. इथे 2 वाजून 12 मिनिटांनी पाच सेकंदांची, किंचित कमानीसारखी रेघ होती सतरावर, आणि वर चौतीस, एक्कावन्नला तिच्या फिकट सावल्या. हत्तीच. सतरा हर्ट्झची लाट वीस मीटर लांब, तिच्यापुढे काजूचं झाड म्हणजे काहीच नाही, म्हणून झाडीतून ती अडत नाही.

जिओफोनवर ती दोनदा दिसली. एकदा माइकबरोबरच, कारण हवेतला दाबही जमीन हलवतो. आणि पुन्हा 0.86 सेकंदांनी सुरू झालेली, पहिली संपायच्या आधीच तिच्यावर चढलेली. डोंगराचा प्रतिध्वनी असता तर माइकवरही आला असता. आला नव्हता. आकडेमोड केली: एक मीटरला साधारण 1.06 मिलिसेकंद, म्हणजे सुमारे आठशे मीटर.

आठशे मीटरवरची गुरगुर कुणाच्या छातीत धडधडत नाही. काकांना काय जाणवलं मग? फाइल पुढे सरकवली. नऊ सेकंदांनी दुसरी रेघ, खूप गडद, माइक आणि जिओफोनवर एकदमच. दुसरा हत्ती मचाणाच्या अगदी जवळ, काळोखात, उभा राहून उत्तर देत होता. मी ती पाचपट वेगानं वाजवली, तेव्हा सतराचे पंच्याऐंशी झाले आणि हेडफोनमध्ये जाडसर घोरणं ऐकू आलं. काकांना ऐकवलं. त्यांनी हेडफोन काढला, बिडी विझवली आणि म्हणाले, "मगे मी खोटा बोललंय?" माफी मागितली, पण उशिरा.

तिसऱ्या रात्री सगळ्यांचं काम हत्ती हाकलणाऱ्या बंदोबस्ताच्या गाडीनं संपवलं. सुतळी बॉम्बांनी जिओफोनचा आलेख पार छताला टेकला. हत्ती पुढच्या वाडीत गेले, एवढंच साधलं. वर एकानं विचारलं, "हत्ती येण्याआधीच मोबाइलवर इशारा वाजेल असं काही करता येईल का?" एका जिओफोनवरून अंतर कळतं, दिशा नाही. आणि पावसाळ्यात चिखल झाला की माझे 250 मीटरही बदलणार.

मला अजून छळतं ते दुसरंच. जवळच्या हत्तीनं उत्तर दिलं ते कानांनी ऐकून की पायांनी? नामिबियात एटोशाला केटलिन ओ'कॉनेल-रॉडवेल यांनी इशाऱ्याचे आवाज फक्त जमिनीतून पाठवले, तेव्हा हत्ती थबकले, एकमेकांजवळ सरकले. तिथे हवेतला आवाज वेगळा काढला होता. माझ्या फाइलमध्ये दोन्ही आहेत, एक सेकंदाच्या आत, आणि मधली नऊ सेकंदं काहीच सांगत नाहीत.