सोमवारचा पेपर

बुडालेल्या पेपरांसाठीचा अर्ज आज तिसऱ्यांदा फाडला. नाव, वर्ग, रोल नंबर सगळं सरळ उतरतं. 'प्राचार्य महोदय, सविनय निवेदन है कि' इथपर्यंत हात चालतो. पुढे सोमवार आला की अडतो.

सोमवारी केमिस्ट्री होती. सकाळी मी मोरीपाशी भिंतीला टेकून बसले होते. अंगात ताप, आणि पोह्यांच्या फोडणीच्या वासानेही उमासे. तेव्हा डोळे पांढरेच होते, त्यामुळे आईला पित्त वाटलं. पिवळेपणा दिसला बुधवारी. आजीने खिडकीशी नेऊन पापणी खाली ओढली आणि गप्पच झाली. रक्तातलं बिलिरुबिन ७.४ निघालं, एरवी ते सव्वाच्या आत असतं. डॉक्टरांनी दाखला दिला तो बुधवारपासून सात दिवसांच्या विश्रांतीचा. गुरुवारचा मॅथ्स त्यात बसला. सोमवार उघडाच राहिला.

काल बाबांबरोबर पुन्हा दवाखान्यात गेले. तारीख मागची घालता येईल का, बाबांनी विचारलं. "मी सोमवारी हिला पाहिलंच नाही, तर कसं लिहू?" डॉक्टर म्हणाले. मला तिथेच रडू फुटलं. इतकी आजारी होते, आणि त्याचा कागद नाही! मग त्यांनी दाखल्याखाली लिहिलं: 'रुग्णाच्या सांगण्यानुसार रविवारपासून ताप व उलट्या. कावीळ दिसण्याआधी काही दिवस ही लक्षणं असू शकतात.'

रात्रभर 'सांगण्यानुसार' टोचत राहिलं. म्हणजे शेवटी माझ्याच शब्दावर आलं. प्राचार्य मला ओळखत नाहीत. त्यांनी का मानावं? पेपर बुडवून मागून दाखले आणणाऱ्यांचे अर्जही त्याच टेबलावर असणार.

सोमवारी सकाळी मैत्रिणीला मेसेज केला होता, 'सर को बोल देना.' तिने सांगितलं का... जाऊ दे.

दोन्ही पेपर अंतर्गत आहेत, म्हणून निदान कॉलेजच्या हातात तरी आहेत. विद्यापीठाची मुख्य परीक्षा असती तर प्राचार्यांनाही ती माझ्यासाठी पुन्हा घेता आली नसती.

दुपारी उसाचा रस घेऊन आजी जवळ बसली. "जे झालं तेवढंच लिही गं," म्हणाली. चौथा अर्ज एका पानात झाला. गुरुवारचं आधी लिहिलं, दाखल्याच्या तारखांसह. सोमवारचं वेगळ्या परिच्छेदात: त्या दिवशी ताप व उलट्या होत्या, डॉक्टरांकडे बुधवारी गेले, त्याआधीचा दाखला नाही, दाखल्याखालची नोंद व बुधवारचा रक्ताचा रिपोर्ट जोडला आहे. दोन्ही पेपर पुन्हा देण्याची परवानगी मिळावी. 'दाखला नाही' लिहिताना हात थरथरला, पण ते खोडलं नाही.

दोन प्रती केल्यात. एकीवर आवकचा शिक्का मारून घ्यायचा आहे. उद्या बाबा रामबागेतून स्कूटरवर सोडतील. जिना अजून एका दमात चढवत नाही. प्राचार्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.