लीकेजचं पान: एक्स-रे मशिनचं सर्व्हिस मॅन्युअल मराठीत करताना

रत्नागिरी-कणकवलीकडच्या सर्व्हिसवाल्या मुलांसाठी एक्स-रे मशिनचं मॅन्युअल मराठीत केलं. ट्यूबचा भाग सरळ गेला. डिटेक्टरच्या भागात एवढंच जपायचं की डार्क कॅलिब्रेशन किरण न सोडता होतं आणि गेन कॅलिब्रेशनला ट्यूब आणि डिटेक्टरच्या मध्ये, कंपनीने सांगितलेला फिल्टर सोडला तर, काहीही नसावं लागतं. खरा वेळ गेला तो शिल्डिंगवर.

ट्यूबच्या हाउसिंगमधून होणाऱ्या किरणांच्या लीकेजची मर्यादा आहे फोकसपासून १ मीटरवर एका तासात १ मिलिग्रे, म्हणजे साधारण ११४ मिलिरॉन्टजेन. किरण मोजायचा मीटर मात्र `mR/h` दाखवतो, एक्सपोजर चालू असतानाचा ताशी दर. दोन्हींना ‘ताशी’ लिहिलं की चांगली ट्यूब नापास ठरते. समजा, कोलिमेटर पूर्ण बंद करून, कमाल केव्हीवर, १०० मिलिअँपिअरला मीटरने १५० दाखवले. ११४च्या वर, म्हणून कोणीही हाउसिंग बदलायला सांगेल. पण तासाभराचं काम धरलेलं असतं १८० मिलिअँपिअर-मिनिटं. १०० मिलिअँपिअरवर ते १.८ मिनिटांत संपतं. हिशोब असा:

```
L = (180 × R) / (60 × I)
L = (180 × 150) / (60 × 100) = 4.5 mR
```

R म्हणजे मीटरचा दर, I म्हणजे मोजताना वापरलेला करंट. ४.५ म्हणजे मर्यादेच्या कितीतरी खाली. म्हणून मराठीत मर्यादेपुढे ‘एका तासात साठलेली मात्रा’ आणि मीटरपुढे ‘ताशी दर’ असं लिहिलं, आणि उदाहरण सोडवूनच दिलं. समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि वर मोजून त्यातला सर्वांत मोठा आकडा R म्हणून घ्यायचा. एक्सपोजर फार छोटा दिला तर मीटरचा काटा वर पोचायच्या आत किरण थांबतात आणि आकडा खोटा कमी येतो. ही सूचना मुळात तळटीप होती, मी पायरीतच घातली. तळटीपा कोण वाचतो?

दुसरी अडचण भिंतीची. पुस्तकात २३ सेंटीमीटर विटेची भिंत आहे आणि आपल्याकडे बांधकाम जांभ्याच्या चिऱ्याचं. ‘वीट’ काढून ‘चिरा’ घालायचा मोह मी टाळला. जांभ्याची घनता खाणीगणिक बदलते, तो सच्छिद्र असतो, आणि सांध्यात चुना-सिमेंट नीट भरलेलं नसलं तर किरण त्या फटीतून जातात. जाडी जास्त आहे म्हणून ती विटेइतकी अडवते असं धरता येत नाही. म्हणून ‘वीट’ तशीच ठेवली आणि खाली अनुवादकाची टीप म्हणून एक ओळ जोडली: भिंत चिऱ्याची असल्यास एक्सपोजर चालू ठेवून पलीकडून मीटर फिरवा, सांध्यांवर, स्विचबोर्डच्या खोबणीमागे आणि दाराच्या चौकटीलगत सावकाश.