आमची वाटचाल : पदार्थाखालची ती एक ओळ

आमची सुरुवात मेनूकार्डांच्या मांडणीपासून झाली. अक्षरं, रंग, कागद आम्ही ठरवायचो आणि मजकूर हॉटेलकडून यायचा. पण एका पदार्थाखाली चार ओळी आणि शेजारच्याखाली दोनच शब्द असले, की कितीही नेटकी मांडणी केली तरी पान विस्कटलेलंच दिसायचं. म्हणून आम्ही मजकूरही हातात घेतला. आज आमचं मुख्य काम तेच आहे.

एका कार्डावर माशाखाली लिहिलं होतं, ‘आमच्या शेफनी खास पद्धतीने बनवलेला अत्यंत चविष्ट मासा, सोबत अप्रतिम सॉस दिला जातो.’ जो शब्द दुसऱ्या कुठल्याही पदार्थाखाली जसाच्या तसा खपेल, तो आम्ही आधी काढतो. इथे ‘खास’, ‘चविष्ट’, ‘अप्रतिम’ गेले आणि हाती उरला फक्त मासा आणि सॉस. मग शेफना विचारलं, नक्की करता काय? ते म्हणाले, कातडीची बाजू खाली ठेवून तव्यावर भाजतो, सॉस लोणी-लिंबाचा असतो, बाजूला उकडलेले बटाटे. ओळ तिथेच तयार झाली : ‘तव्यावर कुरकुरीत भाजलेला मासा, लोणी-लिंबाचा सॉस, उकडलेले बटाटे’.

हाच क्रम आम्ही कार्डभर पाळतो. कसा शिजवला, मुख्य जिन्नस, सॉस, सोबत काय. शेवटी क्रियापद नाही, पूर्णविराम नाही, आणि बारा शब्दांची कमाल मर्यादा. दोन-तीन पदार्थ वाचले की सॉस कुठे शोधायचा हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना कळतं, मग तो पदार्थांची तुलना करू लागतो. मात्र मर्यादा गाठण्यासाठी शब्द भरायचे नाहीत. साध्या तळलेल्या बटाट्यांना वर्णन नसलं तरी चालतं.

खरी कसोटी पुढे असते. एकेक ओळ छान वाटते, पण पूर्ण पान मोठ्याने वाचलं की ‘कुरकुरीत’ पाचदा ऐकू येतं आणि त्या शब्दातली जान जाते. म्हणून एका विभागात असा शब्द एकदाच येऊ देतो. बाकी ठिकाणी पोत सोडून वास, आच किंवा आंबटपणा धरतो : ‘मंद आचेवर शिजवलेला’, ‘धुरकट’.

दाणे, दूध, अंडी, मासे यांची ॲलर्जीची सूचना शब्दमर्यादेत धरत नाही. ती ओळीनंतर ठरलेल्या जागी, ठरलेल्या खुणेने येते. जागा वाचवायला तिला हात लावायचा नाही, यावर आम्ही ठाम आहोत.

काम सोपवताना स्वयंपाकघरासाठी एक वेगळा कागद देतो. त्यावर प्रत्येक ओळीपुढे ती कधी खोटी ठरेल ते लिहिलेलं असतं. माशापुढे लिहिलं होतं : ‘तव्याऐवजी ओव्हन वापरला, तर ओळ बदला.’