फोटोवरून चरबीचे टक्के

"सर, हा फोटो बघून सांगा ना, माझं बॉडी फॅट किती टक्के असेल?"

सांगतो, पण नेमका आकडा नाही. पाच-सहा टक्क्यांचा पल्ला सांगतो, आणि खरा आकडा कधीकधी त्याच्याही बाहेर जातो.

माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या एकाचंच घ्या. वजन ७२ किलो. फोटोत खिडकीचा उजेड एका बाजूने आलेला, पोट आत ओढलेलं, वरचे दोन ॲब्ज स्पष्ट. बघणाऱ्या बहुतेकांनी १२ टक्के सांगितलं असतं. डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे सौम्य एक्स-रेने अंगातली चरबी मोजणाऱ्या तपासणीत, आले १९. किलोत मांडलं तर अंदाज साधारण साडेआठ किलो चरबीचा, मोजलेली जवळपास पावणेचौदा. म्हणजे पाच किलो चरबी फोटोत कुणाला दिसलीच नाही.

ती कुठे होती, हे रिपोर्टमध्येच कळतं, कारण डेक्सा हात, पाय, धड असं वेगवेगळं दाखवतं. त्याची बरीच चरबी मांड्यांवर आणि नितंबांच्या भागात होती. फोटो मात्र समोरून, कमरेपर्यंतचा. त्यात तिरप्या उजेडाने स्नायूंच्या कडेला सावल्या पडतात आणि तोच माणूस बारीक दिसतो; समोरून फ्लॅश मारला की त्या सावल्या पुसल्या जातात. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी तर कुठल्याच उजेडात दिसत नाही. दिसतो तो फार तर पोटाचा घेर.

दुसरा घोळ टक्केवारीचाच आहे. १२ किलो चरबी ६० किलोच्या माणसात २० टक्के होते आणि ८० किलोच्या माणसात १५. डोळा मात्र टक्के बघत नाही, तो कातडीखालचा थर आणि स्नायूंचा उठाव बघतो. म्हणून किरकोळ अंगाचा, स्नायू कमी असलेला माणूस कपड्यांत सडपातळ दिसतो आणि त्याचे टक्के हमखास कमी धरले जातात.

टक्के लिहिलेल्या फोटोंचे तक्ते सगळीकडे फिरतात, त्यांच्याशी ताडून बघू नका असं मी कळकळीने सांगतो. त्यातले आकडेही बहुतेक वेळा कुणीतरी नजरेनेच टाकलेले असतात. पुरुषांच्या तक्त्यावर बाईचा अंदाज बांधणं तर साफ चूक, कारण तेवढ्याच टक्क्यांना तिची चरबी बहुधा नितंब-मांड्यांवर जास्त असते.

आता डेक्सा तरी अचूक आहे का? नजरेपेक्षा कितीतरी बरं, पण शरीरातलं पाणी कमी-जास्त झालं तरी त्याचा आकडा एखाद-दोन टक्क्यांनी हलतो. त्यामुळे त्या १९ लाही मी 'साधारण १९' असंच वाचतो.

फोटो पाठवायचाच असेल तर समोरून, बाजूने आणि मागून पाठवा. पाय दिसू द्या, पोट सैल सोडा, उजेड समोरून घ्या. सोबत बेंबीपाशी टेपने मोजलेला घेरही लिहा. दोन महिन्यांनी त्याच जागी, त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून पुन्हा काढा. टक्के तेव्हाही नेमके सांगता येणार नाहीत, पण चरबी उतरतेय की नाही, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगेन.